शैक्षणिक कर्ज: सवलतीचा काळ संपल्यावर खातेउतारा कसा तपासायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मुले शिकायला पुणे-नाशिकला जातात, कर्ज मात्र गावाकडच्या शाखेतून निघते. वडील सहकर्जदार असतात. चार-पाच वर्षे हप्ता नसल्याने खात्याकडे कुणी बघत नाही आणि पहिल्या हप्त्याचा मेसेज आला की घरात एकच प्रश्न उठतो: चार लाख घेतले होते, साडेपाच लाख कसे झाले? इथली उत्तरे त्याच प्रश्नाभोवतीची आहेत. आकडे सगळीकडे एकाच उदाहरणाचे आहेत, म्हणजे स्वतःचा उतारा शेजारी ठेवून ताडता येईल.

व्याज मुद्दलात मिळवले, हीच बँकेची चूक नाही का?

नाही. शैक्षणिक कर्जात शिक्षणाचा काळ आणि त्यानंतरचे साधारण एक वर्ष हप्ता नसतो, हाच सवलतीचा काळ. व्याज मात्र पहिली रक्कम कॉलेजला गेली त्या दिवसापासून चालू असते. ते तुम्ही भरत गेला नाहीत, तर काळ संपल्यावर साचलेले सगळे व्याज मुद्दलात मिळवतात आणि त्या नव्या मुद्दलावर हप्ता बसवतात. मंजुरीपत्रात हे लिहिलेले असते आणि त्यावर तुमची सही असते. तिथून पुढे त्या वाढीव मुद्दलावर व्याज लागणेही ठरल्याप्रमाणेच आहे.

तपासायचे ते वेगळे. मिळवलेली रक्कम बरोबर आहे का, ती ठरलेल्या तारखेला एकदाच मिळवली का, आणि त्याआधी व्याजावर व्याज धरले का. शाखेत जाऊन ‘एवढे व्याज कसे लावले’ म्हणून वाद घातला तर हाती काही लागत नाही. ‘अमुक महिन्याचे व्याज अमुक रकमेवर का काढले’ असे विचारले, तर उत्तर द्यावेच लागते.

कोणते कागद लागतील?

मंजुरीपत्र, करारनामा, पहिल्या रकमेपासून आजपर्यंतचा पूर्ण खातेउतारा आणि हप्त्यांचे वेळापत्रक. मोबाइल ॲपमध्ये बहुतेक वेळा अलीकडचाच भाग दिसतो, म्हणून शाखेत अर्ज देऊन ‘खाते उघडल्यापासूनचा’ उतारा मागा. व्याजदर कोणत्या तारखेला किती होता, त्याची यादीही त्याच अर्जात मागा. ही यादी उताऱ्यात नसते आणि तिच्याशिवाय हिशोब अर्धाच राहतो.

मंजुरीपत्रात तीन ओळी शोधून खूण करा: सवलतीचा काळ नेमका कधी संपतो, त्या काळात व्याज सरळ की चक्रवाढ, आणि व्याज मुद्दलात कधी मिळवायचे.

सरळव्याज लावायचे, असा काही नियम आहे का?

भारतीय बँक संघाची, म्हणजे आयबीएची, शैक्षणिक कर्जाची नमुना योजना आहे. बहुतेक सरकारी बँका ती वापरतात. त्यात शिक्षणाच्या काळात आणि परतफेड सुरू होईपर्यंत सरळव्याज आकारायचे आणि साचलेले व्याज नंतर मुद्दलात मिळवून समान हप्ते पाडायचे, असे म्हटले आहे. काही खासगी बँका आणि बिगर-बँक वित्त कंपन्या मात्र स्वतःच्या योजनेवर कर्ज देतात. तिथे दर महिन्याला चक्रवाढ, किंवा शिकत असतानाच थोडे व्याज भरण्याची अट, करारातच असू शकते. म्हणून शेवटचा शब्द तुमच्या मंजुरीपत्राचा. त्यात सरळव्याज लिहिले असेल आणि उताऱ्यात चक्रवाढ दिसत असेल, तर तुमची बाजू पक्की आहे. करारातच चक्रवाढ असेल, तर पुढची अर्धी उत्तरे तुमच्या कामाची नाहीत.

उदाहरण घेऊन सांगा. किती व्याज व्हायला हवे?

चार वर्षांचे इंजिनीअरिंग. दरवर्षी १ सप्टेंबरला ₹१,००,००० कॉलेजला गेले: २०२०, २०२१, २०२२ आणि २०२३. शिक्षण ३१ ऑगस्ट २०२४ ला संपले, त्यापुढे एक वर्ष, म्हणून सवलतीचा काळ ३१ ऑगस्ट २०२५ पर्यंत. दर १० टक्के, सोपे जावे म्हणून पाचही वर्षे तोच धरला आहे.

पहिल्या लाखावर पाच वर्षांचे व्याज लागले, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. एकूण चौदा ‘लाख-वर्षे’. दर वर्षाचे लाखामागे ₹१०,०००, म्हणजे सरळव्याज ₹१,४०,००० आणि मिळवल्यावर मुद्दल ₹५,४०,०००. दिवसांवर हिशोब केला तर २०२४ च्या २९ फेब्रुवारीमुळे साधारण ₹११० जास्त येतील, ते सोडून द्या. शे-दोनशेचा फरक गोलाईचा किंवा दिवसमोजणीचा असतो. हजारांचा फरक आला, तर कारण शोधायलाच हवे.

हेच व्याज दर महिन्याला चक्रवाढीने लावले तर ३१ ऑगस्ट २०२५ ला बाकी ₹५,७०,३२४ होते. म्हणजे ₹३०,३२४ जास्त. दहा वर्षांचे हप्ते पाडले तर ₹५,४०,००० वर महिना ₹७,१३६ येतो आणि ₹५,७०,३२४ वर ₹७,५३७. महिन्याला चारशेच रुपये वाढले म्हणून कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, पण १२० हप्त्यांत ते ₹४८,००० च्या वर जातात.

पण दर महिन्याला बाकी वाढत गेलेली दिसते. म्हणजे चक्रवाढच ना?

इथेच बहुतेक जण फसतात. काही बँकांच्या संगणक प्रणालीत दर महिन्याचे व्याज खात्याला नावे पडते आणि बाकीच्या रकान्यात लगेच मिळवून दिसते, पण पुढच्या महिन्याचे व्याज काढताना ते बाजूला ठेवलेले असते. काही बँका उलट, व्याज वेगळे ठेवून शेवटी एकाच नोंदीत टाकतात. म्हणून बाकी वाढली यावरून काहीच सिद्ध होत नाही. व्याज कोणत्या रकमेवर काढले, ते बघावे लागते.

त्यासाठी दिवसांची संख्या सारखी असलेले दोन महिने घ्या, ज्यांच्या मध्ये नवी रक्कम उचललेली नाही आणि दरही बदललेला नाही. आपल्या उदाहरणात सप्टेंबर २०२० आणि नोव्हेंबर २०२०, दोन्ही ३० दिवसांचे. सप्टेंबरचे व्याज ₹८२१.९२. नोव्हेंबरचेही ₹८२१.९२ असेल तर सरळव्याज. नोव्हेंबरला ₹८३५.७१ असेल तर मधल्या दोन महिन्यांचे व्याज मुद्दलात धरले गेले, म्हणजे चक्रवाढ. ऑक्टोबर मुद्दामच वगळला आहे, त्याचे ३१ दिवस असल्याने सरळव्याजही ₹८४९.३२ येते आणि नुसती वाढ बघून गोंधळ होतो.

हिशोब स्वतः करायचा तर सूत्र काय?

मोबाइलमधली स्प्रेडशीट पुरते. ज्या रकमेवर व्याज आहे ती A2 मध्ये, दर (नुसता आकडा, १० टक्क्यांसाठी 10) B2 मध्ये आणि दिवस C2 मध्ये टाका:

```
=A2*B2*C2/36500
```

दर बदलला किंवा नवी रक्कम उचलली, की नवी ओळ सुरू करायची. एका महिन्यात मध्येच दर बदलला असेल तर त्या महिन्याच्या दोन ओळी होतील. सगळ्या ओळींची बेरीज म्हणजे मिळवायला हवे होते ते व्याज. हप्ता तपासायला:

```
=PMT(10%/12,120,-540000)
```

उत्तर 7136.14 येते. बँकेचा हप्ता वेगळा असेल तर आधी महिन्यांची संख्या बघा. १२० ऐवजी १४४ किंवा १८० धरलेले असतात आणि हप्ता कमी दिसल्याने घरचे खूश होतात.

दर माझ्या कर्जात नेमका कसा बदलायला हवा?

१ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नव्या तरत्या दराच्या वैयक्तिक व किरकोळ कर्जांचा दर बाहेरच्या मानदंडाशी जोडावा लागतो आणि तो तीन महिन्यांतून निदान एकदा सुधारावा लागतो. बहुतेकांनी रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, घेतला आहे. मे २०२२ मध्ये रेपो ४ टक्क्यांवरून वाढायला लागला आणि फेब्रुवारी २०२३ ला ६.५० झाला. मग २०२५ मध्ये उतरला: फेब्रुवारीत ६.२५, एप्रिलमध्ये ६.००, जूनमध्ये ५.५०.

म्हणून २०२० च्या कर्जाच्या दरयादीत चढण आणि उतरण दोन्ही दिसायला हवी. चढण महिन्याभरात लागू झाली आणि उतरण दिसतच नाही, असे असेल तर लेखी विचारा. रेपोवर बँक लावते तो फरक मंजुरीपत्रात असतो, दोन्हींची बेरीज करून दर स्वतः काढता येतो. वित्त कंपन्यांना मात्र बाहेरच्या मानदंडाचे हे बंधन नाही, त्यांचा करार वाचावा लागेल.

व्याज मुद्दलात एक वर्ष आधीच मिळवलेले दिसते. फरक पडतो का?

पडतो, आणि ही चूक उताऱ्यात सापडायला सगळ्यात सोपी. खाते उघडताना प्रणालीत फक्त अभ्यासक्रमाची शेवटची तारीख भरली गेली आणि पुढचे वर्ष राहिले, की असे होते. उदाहरणात ३१ ऑगस्ट २०२४ ला साचलेले व्याज ₹१,००,००० होते. ते त्याच दिवशी मुद्दलात मिळवले तर पुढच्या एका वर्षात त्या लाखावर आणखी ₹१०,००० व्याज लागते. २०२५ ला मुद्दल ₹५,४०,००० ऐवजी ₹५,५०,००० दिसेल.

उताऱ्यात ‘ओव्हरड्यू’ किंवा ‘डिमांड’ अशी नोंद त्या वर्षात आली असेल, तर तो दुसरा पुरावा. हप्ता सुरू झाला असे प्रणालीने धरले म्हणूनच थकबाकी दाखवली.

मुलाचे वर्ष वाया गेले असेल तर बाजू उलटते. अभ्यासक्रम लांबला हे बँकेला कळवून मुदतवाढ घ्यावी लागते. कॉलेजचा दाखला दिलाच नसेल, तर जुन्या तारखेला हप्ता सुरू करणे ही बँकेची चूक म्हणता येत नाही.

केळीचे किंवा कापसाचे पैसे आले की वडील मधूनमधून भरत होते. ते कुठे गेले?

समजा १ डिसेंबर २०२२ ला ₹२०,००० भरले. त्या दिवशी साचलेले व्याज ₹३७,५०० होते. बहुतेक करारांत आलेली रक्कम आधी शुल्काला, मग व्याजाला आणि उरली तर मुद्दलाला लावतात. म्हणून सगळे वीस हजार व्याजात गेले आणि शेवटी मिळवायचे व्याज ₹१,४०,००० ऐवजी ₹१,२०,००० झाले. मुद्दल ₹५,२०,००० दिसायला हवे. हेच वीस हजार मुद्दलाला लागले असते, तर ऑगस्ट २०२५ पर्यंतच्या पावणेतीन वर्षांचे आणखी ₹५,५०० वाचले असते. तो क्रम करारात ठरलेला असतो, त्यावर भांडून उपयोग नाही. पुढच्या वेळी पैसे भरण्याआधी मात्र शाखेत जरूर विचारा.

मुद्दल अजूनही ₹५,४०,००० च दिसत असेल तर पैसे कर्जखात्यात पोचलेच नाहीत. वडिलांचे पीककर्ज त्याच शाखेत असते, बचतखातेही तिथेच. स्लिपवर खातेक्रमांक चुकला की रक्कम पीककर्जात जाते. किंवा बचतखात्यात जमा होते आणि वर्ग करण्याची सूचनाच नसल्याने तिथेच पडून राहते. स्लिपवरचा खातेक्रमांक आणि त्या दिवशीचे तिन्ही खात्यांचे उतारे एकत्र ठेवले, की पाच मिनिटांत उलगडा होतो.

आणखी एक: आयबीएच्या योजनेत शिकत असताना व्याज नियमित भरले तर दरात एक टक्का सवलत देण्याची मुभा आहे. मधूनमधून भरलेल्याला ती मिळेलच असे नाही, पण पाचही वर्षे दरमहा भरले असेल तर मंजुरीपत्रात ती ओळ आहे का ते बघा.

सरकारी व्याज अनुदान मिळणार होते. ते उताऱ्यात कसे ओळखायचे?

केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर सवलतीच्या काळाचे व्याज सरकार भरते. अभ्यासक्रम आणि संस्था योजनेत बसायला हवी, आणि तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला बँकेला वेळेवर दिलेला हवा. अनुदान दर महिन्याला येत नाही, मागाहून एकरकमी जमा होते. उताऱ्याच्या जमा बाजूला ‘सबसिडी’ किंवा ‘CSIS’ अशी नोंद शोधा.

सगळ्या काळाचे अनुदान आले असेल तर मुद्दलात मिळवायला व्याज उरतच नाही, हप्ता ₹४,००,००० वरच बसायला हवा. दोनच वर्षांचे आले असेल तर उरलेल्या वर्षांचा दावा शाखेने केला का, ते लेखी विचारा. व्याज मुद्दलात मिळवल्यानंतर अनुदान जमा झाले, तर बाकी कमी होते पण हप्ता आपोआप कमी होत नाही. नवे वेळापत्रक मागावे लागते.

मुद्दलात व्याजाशिवाय आणखी काही घुसलेले असू शकते का?

दोन गोष्टी नेहमी सापडतात. पहिली, कर्जासोबतच्या विम्याचा एकरकमी हप्ता. तो कर्जातूनच भरला जातो आणि पहिल्या महिन्यातच नावे पडतो, त्यामुळे पाच वर्षे त्यावरही व्याज चालते. सही केलेला विम्याचा अर्ज दाखवा, असे म्हणा.

दुसरी, दंड. हप्ताच नसलेल्या काळात दंड लागायचे कारण नाही. शिवाय रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने दंडव्याज बंद करून फक्त दंडशुल्काची परवानगी दिली आणि ते शुल्क मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावायला मनाई केली. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले, चालू कर्जांनाही ३० जून २०२४ पर्यंत लागू करायचे होते. त्यानंतरच्या उताऱ्यात ‘पीनल इंटरेस्ट’ दिसले तर त्या ओळीखाली रेघ ओढा.

हप्ता सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात काय बघायचे?

पहिल्या महिन्याचे व्याज. सप्टेंबर २०२५ चे ₹५,४०,००० वर ३० दिवसांचे ₹४,४३८ येते, काही बँका वर्षाचा बारावा भाग धरतात तर ₹४,५००. हप्ता ₹७,१३६ असल्याने साधारण सव्वीसशे-सत्तावीसशे रुपये मुद्दलातून उतरायला हवेत. व्याजाचा आकडा याहून मोठा असेल, तर त्यावरून मागे जाऊन बँकेने किती मुद्दल धरले ते कळते: व्याज गुणिले ३६५००, भागिले दर, भागिले दिवस.

चूक सापडली. आता अर्ज कसा लिहायचा?

एक पान पुरे. कर्जखात्याचा क्रमांक, मंजुरीपत्रातली ओळ जशीच्या तशी, उताऱ्यातल्या दोन किंवा तीन नोंदी तारखेसह, तुमचा आकडा, बँकेचा आकडा आणि फरक. सोबत स्प्रेडशीटची छापील प्रत. मागणी अशी लिहा:

‘सदर कालावधीत सरळव्याजाऐवजी चक्रवाढ व्याज आकारल्याने ₹३०,३२४ जादा नावे पडले आहेत. ही रक्कम मूळ नोंदींच्या तारखेपासून दुरुस्त करून सुधारित मुद्दल, सुधारित हप्ता व नवे वेळापत्रक द्यावे.’

‘मूळ नोंदींच्या तारखेपासून’ हे शब्द गाळू नका. बँकेत याला व्हॅल्यू डेट म्हणतात. नुसती रक्कम आजच्या तारखेला जमा केली तर मधल्या काळात त्या जादा रकमेवर लागलेले व्याज तुमच्याच अंगावर राहते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. तोंडी ‘बघतो’ याची नोंद कुठेच होत नाही.

निकाल लागेपर्यंत हप्ता थांबवावा का?

अजिबात नको. तक्रार चालू असली तरी थकलेला हप्ता थकलेलाच धरला जातो. विद्यार्थ्याच्या आणि सहकर्जदार वडिलांच्या, दोघांच्या क्रेडिट अहवालात तो उतरतो. पुढच्या हंगामात पीककर्ज किंवा ट्रॅक्टरचे कर्ज मागताना वडिलांचीच अडचण होते. हप्ता भरा, आणि ‘हक्क राखून भरत आहे’ असे अर्जात लिहा.

शाखा दाद देत नसेल तर?

आधी बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी जा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तिथे पोच असलेला अर्ज, उतारा आणि तुमचा हिशोब जोडा. बँकेकडे आधी लेखी तक्रारच केली नसेल तर लोकपाल प्रकरण घेत नाही.

कर्ज पतसंस्थेचे असेल तर?

पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाखाली येत नाहीत. त्यांच्यावर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चा अंमल आहे, त्यामुळे दाद सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात मागावी लागते. दोन महिन्यांच्या व्याजाची तुलना तिथल्या उताऱ्यालाही लागू पडते. आयबीएची योजना मात्र त्यांना बांधत नाही, म्हणून सगळी भिस्त कर्जरोख्यावर आणि संस्थेच्या पोटनियमांवर. दोन्हींच्या प्रती आधी हातात घ्या आणि मगच अर्ज लिहा.